टिपरू, गुलाल आणि सेकंदाचा पंधरावा भाग

मिरवणुकीतले फोटो हलतात तेव्हा दोष सहसा कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. पण प्रत्येक धूसर फोटोत तो का बिघडला याची खूण असते. पुण्यातल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने गणपतीच्या आगमन मिरवणुकीत संध्याकाळी काढलेले फोटो संगणकावर मोठे करून पाहिले, तेव्हा त्यांचे तीन गट पडले.

पहिल्या गटात रस्त्यावरच्या दिव्यांसकट सगळे एकाच दिशेने ओढले गेले होते. म्हणजे हात हलला होता. दुसऱ्यात वादकाचा चेहरा स्वच्छ, पण टिपरू पुसट होते; ते शटरपेक्षा वेगवान ठरले होते. तिसऱ्यात वादक धूसर आणि मागची दिव्यांची माळ रेखीव होती; म्हणजे फोकस चुकला होता.

दुसऱ्या गटाचा हिशेब सोपा आहे. शटर 1/15 सेकंद उघडे होते. टिपऱ्याचा वेग सेकंदाला 3 मीटर धरला, तर तेवढ्या वेळात ते 20 सेंटिमीटर सरकते. 1/250 सेकंदात ते जेमतेम सव्वा सेंटिमीटर सरकेल, पण आत येणारा प्रकाशही सोळा-सतरा पटींनी घटेल. ही तूट भरायला आयएसओ 800 वरून 3200 केला की चौपट मिळते आणि f/5.6 ऐवजी f/2.8 ठेवले की आणखी चौपट. दोन्हींची किंमत मोजावी लागते. आयएसओ वाढला की फोटोत दाणे उमटतात आणि ॲपर्चर मोठे केले की रेखीव दिसणारा पट्टा अरुंद होतो. 50 मिलिमीटरच्या लेन्सने पाच मीटरवरचा वादक टिपताना हा पट्टा साधारण एक-दोन मीटरच उरतो.

म्हणूनच फोकस नेमका लागतो. ऑटोफोकस उजेड-अंधाराची ठळक कड शोधतो. गुलालाच्या धुरळ्यात वादकाच्या कडा फिक्या पडतात आणि कॅमेरा मागचे झगझगीत दिवे पकडतो. त्यावर उपाय म्हणजे फोकसचा एकच बिंदू निवडून तो फेट्याच्या काठावर किंवा ढोलाच्या दोरीवर धरणे आणि धुरळा खाली बसेपर्यंत थांबणे.

अनंत चतुर्दशीच्या रात्री त्या विद्यार्थ्याने याच्या जोडीला आणखी एक गोष्ट वापरली. वर गेलेले टिपरू खाली वळताना क्षणभर थांबते. तिथे त्याचा वेग शून्य असतो. त्या क्षणी 1/60 सेकंदातही ते जवळपास स्थिर येते. मात्र टिपरू वर दिसल्यावर बटण दाबले तर उशीर होतो, कारण डोळ्यांनी पाहून बोट हलायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. त्यामुळे आधी ठेका ऐकायचा, तो अंगात भिनू द्यायचा आणि पुढच्या ठोक्याच्या किंचित आधी बटण दाबायचे.

यंदा मिरवणुकीतला फोटो बिघडला तर तो लगेच पुसू नये. आधी मोठा करून दिवे, चेहरा आणि टिपरू तपासावे; पुढच्या वेळी नेमके काय बदलायचे ते तिथेच कळते.