लांब म्हणजे मोठा?

स्वाध्यायात ०.५, ०.३७ आणि ०.१२५ चढत्या क्रमाने लावायचे असतात. मूल लिहितं: ०.५, ०.३७, ०.१२५. उत्तर बरोबर उलटं येतं, पण ते निष्काळजीपणाने आलेलं नसतं. पूर्ण संख्यांमध्ये जास्त अंकांची संख्या मोठी असते, हे मूल कित्येक वर्षं शिकत आलंय. आपणही ‘शून्य पॉइंट एकशे पंचवीस’ असंच वाचतो, मग त्याला पाचापेक्षा एकशे पंचवीस मोठे दिसणारच.

शेवटी शून्यं देऊन ०.५००, ०.३७०, ०.१२५ केलं की उत्तर बरोबर येतं. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण मूल पुन्हा पाचशे आणि एकशे पंचवीसच पाहत असतं. मीटरपट्टी द्या. ०.५ मीटर म्हणजे ५० सेंटीमीटर, ०.१२५ मीटर म्हणजे जेमतेम साडेबारा. दशांश स्थानचा अंक आधी का पाहायचा, ते तिथे दिसतं.

आणि स्वाध्याय नीट निवडा. ०.२, ०.४५, ०.६७८ अशी उदाहरणं चुकीच्या नियमानेही बरोबर सुटतात. रुपये-पैशांत तर दोनच स्थळं असतात, त्यामुळे तिथे ही चूक दिसतच नाही. एक तरी लांब पण लहान संख्या द्याच.