पिन न विचारणारे पाच हजार

‘प्रिय खातेदार, आपल्या डेबिट कार्डावर कॉन्टॅक्टलेस सुविधा उपलब्ध आहे. 5,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी पिन टाकण्याची गरज नाही.’ अशा मजकुराचा ई-मेल बहुतेक बँका नवे कार्ड देताना खातेदाराला पाठवतात. रिझर्व्ह बँकेने मे 2015 मध्ये पिनशिवाय टॅप करायला परवानगी दिली, तेव्हाच बँकांना सांगितले होते की हे तंत्रज्ञान, त्याचा वापर आणि त्यातली जोखीम ग्राहकाला समजावून द्या. नुकसान झाल्यास त्याच्यावर जास्तीत जास्त किती भार येईल, तेही सांगा. ई-मेलमध्ये पाच हजारांचा आकडा ठळक असतो. जोखमीचे आणि भाराचे वाक्य मात्र खाली बारीक अक्षरांत जाते, किंवा ‘अटी लागू’ या दोन शब्दांत संपते. वाचायला हवे ते नेमके तेच.

आधी त्या आकड्याचा अर्थ. 2015 मध्ये ही मर्यादा 2,000 रुपये होती. 1 जानेवारी 2021 पासून ती 5,000 झाली. ही मर्यादा एका व्यवहाराची आहे. दिवसाची नाही, महिन्याचीही नाही. बिल पाच हजारांच्या वर गेले तरी कार्ड यंत्रावर टेकवता येते, फक्त मग यंत्र पिन मागते. आणि बिल कितीही छोटे असले तरी पिन टाकूनच पैसे देण्याचा पर्याय ग्राहकाकडे असतो. ‘टॅपच करा’ अशी सक्ती दुकानदाराला करता येत नाही. एटीएममधून पैसे काढताना आणि ऑनलाइन खरेदीत ही सवलत मुळीच नाही.

दिवसात असे किती टॅप चालतील, हे ठरवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. म्हणून दोन बँकांच्या कार्डांचे नियम वेगळे असतात. ठरावीक टॅप झाले की यंत्र अचानक पिन मागते किंवा कार्ड आत घालायला सांगते. कार्ड बिघडले असे वाटून लोक गोंधळतात, पण ती बँकेने घातलेली चाळणी असते. आपल्या बँकेची चाळणी किती टॅपची आहे हे ई-मेलमध्ये शोधावे; नसेल तर विचारून घ्यावे. आपला खरा धोका त्या संख्येवर ठरतो.

नव्या कार्डाबद्दलची सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे ‘टॅप होतच नाही’. त्याचे कारण नियमातच आहे. 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरवले की नवीन किंवा बदलून दिलेले कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रात घालून चालेल. कॉन्टॅक्टलेस, ऑनलाइन आणि परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः चालू करायचा. बँकेच्या ॲपमध्ये, नेट बँकिंगमध्ये, एटीएमवर किंवा फोन बँकिंगवर ही बटणे चोवीस तास हाताळता येतात, आणि प्रत्येक प्रकाराला आपली स्वतःची कमाल रक्कमही घालता येते. काही बँकांच्या कार्डाला बटण चालू केल्यावरही पहिला व्यवहार कार्ड आत घालून, पिन टाकून करावा लागतो.

आता टॅप करताना प्रत्यक्ष काय होते ते पाहू. दुकानदार आधी यंत्रावर रक्कम टाकतो. त्यानंतर यंत्र भोवती एक क्षीण रेडिओ-क्षेत्र तयार करते. कार्डात बॅटरी नसते. चार-पाच सेंटीमीटरच्या आत आले की त्याच क्षेत्रातून चिपला वीज मिळते आणि ती बोलू लागते. प्रत्येक व्यवहारासाठी चिप एक नवा सांकेतिक आकडा तयार करते, त्यात त्या कार्डावरच्या व्यवहारांचा क्रमांकही गुंफलेला असतो. बँक तो आकडा तपासते. एकदा वापरलेला आकडा कोणी चोरून पुन्हा पाठवला तर बँक तो नाकारते. म्हणून एका टॅपची दोनदा वसुली होत नाही. दुसऱ्यांदा पैसे घ्यायचे तर दुकानदाराला पुन्हा रक्कम टाकावी लागते आणि आपल्याला पुन्हा कार्ड टेकवावे लागते. पाकिटात दोन कॉन्टॅक्टलेस कार्डे असताना अख्खे पाकीट टेकवले, तर दोन्ही चिपा एकदम बोलतात आणि यंत्र एकच कार्ड दाखवायला सांगते. कार्ड बाहेर काढून, यंत्रावरची रक्कम वाचून मगच टेकवणे हेच योग्य.

गर्दीत कोणी यंत्र खिशाजवळ आणून पैसे काढून घेईल, ही भीती बऱ्याच जणांना असते. तसे करणाऱ्याला आधी व्यापारी म्हणून कागदपत्रे देऊन बँकेकडून यंत्र घ्यावे लागेल, आणि वसूल झालेली रक्कम त्याच्याच नावावरच्या खात्यात जाईल. इतका ठळक माग ठेवून चोरी करणारे विरळा. जवळून कार्डाचा क्रमांक आणि मुदत वाचता येऊ शकते, पण मागचा तीन आकडी सीव्हीव्ही टॅपमध्ये जात नाही. तरी काही परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवाय खरेदी होते, म्हणून परदेशी ऑनलाइन वापराचे बटण गरज नसताना बंद ठेवावे.

खरा धोका याहून साधा आहे: कार्ड हरवणे. समजा, ठाण्यातल्या एका खातेदार बाईंचे कार्ड शनिवारी संध्याकाळी बाजारात पडले. टॅपची मर्यादा पूर्ण 5,000 वर आहे आणि त्यांची बँक दिवसाला पाच टॅप चालू देते. ज्याला कार्ड सापडले त्याने 7 वाजून 40 मिनिटांनी पेट्रोल पंपावर 1,850 रुपये दिले, 8 वाजून 5 मिनिटांनी एका दुकानात 4,600 आणि पाच मिनिटांनी शेजारच्या दुकानात 4,900. पिन ठाऊक नसल्याने एटीएमवर त्याचे काही चालले नाही. बाईंनी साडेआठला मेसेज पाहिले आणि पाच मिनिटांत ॲपमधून कार्ड बंद केले. तोवर 11,350 रुपये गेले होते, आणि दोन टॅप अजून शिल्लक होते. त्यांनी स्वतःची मर्यादा 1,000 वर ठेवली असती, तर हे तिन्ही व्यवहार अडले असते. यंत्राने पिन मागितला असता किंवा थेट नकार दिला असता.

हे पैसे कोणी सोसायचे? रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये घालून दिलेली चौकट अशी आहे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकाला काहीच सोसावे लागत नाही. मेसेज मिळाला तो दिवस यात धरत नाहीत. चौथ्या ते सातव्या दिवसात खबर दिली, तर साध्या बचत खात्याला दर व्यवहारामागे जास्तीत जास्त 10,000 रुपयांचा भार येतो, किंवा व्यवहाराची रक्कम, यांतले जे कमी असेल ते. सात दिवसांनंतर बँकेच्या धोरणावर सोडलेले आहे.

इथे टॅप वापरणाऱ्याने थांबून विचार करावा. पिनशिवायचा टॅप कधीच पाच हजारांच्या वर जात नाही. म्हणजे दहा हजारांच्या त्या छत्राचा टॅपला काहीही उपयोग नाही. चौथा दिवस उजाडला की 1,850 ही पूर्ण आपल्यावर, 4,600 ही आणि 4,900 ही. टॅपच्या बाबतीत संरक्षण आहे ते पहिल्या तीन दिवसांतच.

दुसरी अडचण अशी की कार्ड हरवणे हा ग्राहकाचा निष्काळजीपणा आहे असे बँक म्हणू शकते. निष्काळजीपणा ठरला, तर खबर देईपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. खबर दिल्यानंतरचे सगळे बँकेचे. पण जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच चौकटीने बँकेवर टाकला आहे. म्हणून कार्ड बंद केल्यावर स्वस्थ बसू नये. त्या तीन व्यवहारांची रकमेसह आणि वेळेसह लेखी तक्रार करावी, तक्रार क्रमांक घ्यावा, मेसेज जपून ठेवावेत. अनधिकृत व्यवहाराची रक्कम बँकेने खबर मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि नव्वद दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. सायबर फसवणुकीची खबर 1930 वरही देता येते.

काही वेळा नुकसान चोराशिवायही होते. यंत्रावर ‘व्यवहार फसला’ असे दिसते, पावती निघत नाही, पण खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज येतो. दुकानदार पुन्हा टॅप करायला सांगतो. अशा वेळी आधी मेसेज पाहावा. पैसे वजा होऊनही पावती निघाली नसेल, तर 2019 च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेने दर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते.

मेट्रोच्या फाटकावर टेकवायच्या कार्डाचा हिशेब निराळा. पुण्यातले वन पुणे कार्ड किंवा ‘मोबिलिटी’ सोय असलेले रुपे डेबिट कार्ड फाटकावर टेकवले, की भाडे बँक खात्यातून जात नाही. कार्डातच आधी भरून ठेवलेल्या छोट्या शिलकीतून ते कापले जाते, आणि त्या वेळी बँकेला विचारले जात नाही. कार्ड हरवून बंद केले तरी ही शिलक साधारणपणे परत मिळत नाही, म्हणून प्रवासापुरतेच पैसे भरावेत.

ई-मेल वाचून मर्यादा बदलायची ठरवली, तर त्यातल्या दुव्यावर बोट ठेवू नका. बँकेचे ॲप स्वतः उघडा, किंवा पत्ता स्वतः टाइप करा. भारतीय बँकांच्या नेट बँकिंगचा पत्ता आता `.bank.in` ने संपतो. तिथे कॉन्टॅक्टलेसची मर्यादा आपल्या रोजच्या मोठ्यात मोठ्या बिलाइतकीच ठेवा. किराण्याला आठशे लागत असतील, तर हजार पुरेत. मग त्या रकमेला बँकेच्या टॅपसंख्येने गुणा. कार्ड हरवले तर मेसेज पाहीपर्यंत दिवसात जाऊ शकणारी ही जास्तीत जास्त रक्कम असेल. ती सोसवत नसेल तर मर्यादा आणखी खाली आणा, किंवा टॅप बंदच ठेवा आणि पिन टाकून पैसे द्या. पाच हजार ही रिझर्व्ह बँकेने बँकांना घातलेली कमाल आहे. आपल्या कार्डाची मर्यादा ठरवण्याचा हक्क आपला आहे.