गूळ, हिरडा आणि विटांची भुकटी

‘गुळाच्या चुन्यावर लिहा,’ असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा गुळामुळे जुनी बांधकामं शतकानुशतकं टिकली ही समजूत माझ्याही मनात पक्की होती. गडांवर फिरणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकलेली असते. तिकोना, लोहगडावर चुन्याचा घाणा दाखवताना गूळ, उडीद, बेलफळ यांची नावं हमखास निघतात. पण यातला कोणता जिन्नस काय करतो, हे फारसं कोणी सांगत नाही. ते मला सांगितलं वाईजवळच्या एका वाड्याच्या दुरुस्तीवर काम करणाऱ्या मिस्त्रींनी. साठीच्या पुढचे, वडिलांच्या हाताखाली गिलावा शिकलेले. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, ‘गुळानं भिंत मजबूत होत नाही. मजबूत होते ती सुरखीनं.’

हे समजायला आधी चुन्याचा स्वभाव माहीत हवा. चुनखडी भट्टीत साधारण 900 अंशांपर्यंत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. 100 किलो शुद्ध चुनखडीतून जेमतेम 56 किलो. तो पाण्यात टाकला की उकळतो, फुटतो, विरतो आणि त्याचा मऊ लगदा होतो. हाच लगदा भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढून घेतो आणि हळूहळू दगडासारखा घट्ट होतो. अडचण अशी की हवा बाहेरून आत जाते. जाड भिंतीच्या पोटातला शुद्ध चुना वर्षानुवर्षं कच्चा राहू शकतो, आणि पाण्याच्या टाकीत तर तो घट्ट होतच नाही.

इथे सुरखी लागते. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची बारीक भुकटी. माती मध्यम आचेवर, साधारण 600 ते 800 अंशांना भाजली की तिच्यातल्या सिलिका आणि ॲल्युमिनाची मूळची घडी मोडते आणि ते चुन्याशी संयोग करायला मोकळे होतात. त्यांची चुन्याशी जी गाठ पडते तिला हवेची गरज नसते, ओल मात्र लागते. म्हणून हौद, टाकी, पाया अशा ओल्या जागी सुरखीचा चुना वापरत. मात्र वीट जास्त भाजली, काळपट होऊन खणखणीत वाजू लागली, की तिची भुकटी चुन्याशी फारसं काही करत नाही. ती नुसती लाल वाळू होते. मिस्त्री वीट फोडून तिच्या रंगाचा आणि आवाजाचा अंदाज घेत होते. कौलाचे तुकडे चालतात का, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘मंद भाजलेले असतील तर चालतील. पण रंग बघून विश्वास ठेवायचा नाही, गोळा करून बघायचा.’

ती परीक्षा त्यांनी मला करून दाखवली. एक गोळा चुना आणि वाळूचा, दुसरा चुना, सुरखी आणि वाळूचा. दोन्ही सावलीत ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवलेले. मग दोन्ही पाण्याच्या बादलीत सोडले. पहिल्याच्या कडा विरू लागल्या आणि बोटाने दाबताच तो पसरला. दुसरा आकार धरून राहिला, नखाने ओरखडला तरी भुगा होत नव्हता. या वाड्यासाठी त्यांनी ठरवलेलं प्रमाण आकारमानाने एक भाग चुन्याचा लगदा, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू असं होतं. हे मिश्रण घाण्यात नीट मळून घ्यायचं. आता घाण्याला बैल नाहीत, मोटर आहे. पण दगडी चाकाचा भार लगद्यावर फिरतो तेच महत्त्वाचं, कारण चुन्याचा प्रत्येक कण सुरखीला भिडावा लागतो.

मग गूळ कशाला? साखर असलेल्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो. शिवाय साखरेमुळे मिश्रण कमी पाण्यातही मऊ राहतं, थापीवरून सहज सरकतं आणि उन्हात लगेच कोरडं पडत नाही. पाणी कमी म्हणजे वाळताना आकसणं कमी, आणि आकसणं कमी म्हणजे तडे कमी. मिस्त्री वीस किलो लगद्याला पाव किलो गूळ पाण्यात विरघळवून घालतात, त्यापेक्षा जास्त नाही. जास्त झाला तर गिलावा दिवसेंदिवस ओला राहतो, बोटाला चिकटतो आणि मुंग्या लागतात.

हिरडा कुटून काही दिवस भिजत ठेवतात आणि ते पाणी घालतात. त्यातलं टॅनिन चुन्याशी जोडलं जातं आणि घट्ट होण्याचा वेग आणखी कमी करतं. गिलाव्याला तपकिरी छटाही येते. हिरड्याचं पाणी लोखंडी पिंपात ठेवायचं नाही, हे मिस्त्रींनी दोनदा सांगितलं. टॅनिन आणि लोह मिळून काळा रंग होतो, पूर्वी शाई तशीच करत. पांढऱ्या भिंतीवर तो डाग निघत नाही. बेलफळातल्या बियांभोवतीचा चिकट गर आणि वाटलेल्या उडदाचा बुळबुळीतपणा मिश्रणात पाणी धरून ठेवतो. सुक्या दगडाने किंवा विटेने ते पाणी झटकन शोषून घेऊ नये, हा त्यांचा मुख्य उपयोग. तागाचे किंवा अंबाडीचे तुकडे मात्र रसायनात काहीच करत नाहीत. ते गिलाव्याला तडकू न देता बांधून ठेवतात.

म्हणजे ताकद सुरखीकडून येते. बाकीचे बहुतेक जिन्नस मिळवून देतात ते वेळ आणि पाणी. यावरूनच आजच्या चुका का होतात हेही कळतं.

पहिली अडचण चुन्याची. दख्खनच्या काळ्या मातीत मिळणाऱ्या चुनखडीच्या खड्यांत थोडी माती असते, त्यामुळे त्यांचा चुना काही अंशी स्वतःच ओलीत घट्ट होतो. कोकण-गोव्यातल्या शिंपल्यांचा चुना जवळजवळ शुद्ध असतो, ओल्या जागी त्याला सुरखी हवीच. जुन्या कृती आपापल्या चुन्याप्रमाणे ठरलेल्या होत्या. आज एका ठिकाणची कृती दुसरीकडे जशीच्या तशी वापरली जाते, आणि चुना असतो गोणीतली पांढरी भुकटी. गोणी बराच काळ उघडी राहिली तर त्यातला चुना हवेशी आधीच संयोग करून खडू झालेला असतो, आणि असा चुना भिंतीवर काही धरत नाही.

दुसरी अडचण सिमेंटची, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती हिचीच. काम लवकर उरकावं म्हणून चुन्यात सिमेंट मिसळलं जातं, आणि परंपरेच्या नावाने गूळही तसाच घातला जातो. साखर सिमेंटचं घट्ट होणं अगदी थोड्या प्रमाणातही रोखते. असा गिलावा ना धड चुन्याचा होतो, ना सिमेंटचा. मिस्त्रींनी त्याच वाड्याच्या मागच्या भिंतीचा एक पट्टा दाखवला. आधीच्या एका ठेकेदाराने केलेला, वरून कडक वाटणारा, पण हाताने दाबला की पत्र्यासारखा सुटणारा. आत जुन्या विटा ओल्या होऊन खपल्या धरत होत्या, कारण भिंतीतली ओल बाहेर पडायची वाटच बंद झाली होती.

तिसरी अडचण वेळेची. सुरखीचा चुना निदान दोन आठवडे ओला ठेवावा लागतो. गोणपाट बांधून दिवसातून तीनदा पाणी मारायचं. त्यानंतर हवेशी संयोग व्हायला महिने लागतात. बाहेरचा गिलावा पावसाळ्याच्या बराच आधी संपला पाहिजे, नाहीतर पहिल्या सरीत वरचा थर धुऊन जातो. ठेक्याच्या तारखा बहुधा उलट ठरतात: पैसे मार्चमध्ये मंजूर होतात, काम मेमध्ये धावत सुटतं. त्या घाईत गूळ आणि हिरडा सर्वात घातक, कारण दोन्ही मिश्रण मंद करतात.

घरचा वाडा किंवा गावचं देऊळ दुरुस्तीला काढणार असाल, तर गूळ किती घालणार हे विचारण्याआधी चुना कुठून आला, सुरखी कोणत्या विटेची आणि मिश्रणात सिमेंट आहे का, हे विचारा. आणि भिंतीला थापी लागण्याआधी त्या मिश्रणाचा एक गोळा आठवडाभर गोणपाटाखाली ठेवून तुमच्यासमोर पाण्यात टाकायला सांगा. तो विरला, तर काम थांबवा.