टायरमधील हवा सांगणारे संवेदक : टोपणाचे आणि आतले

कारखान्यातून हवादाबदर्शक यंत्रणा न लाभलेल्या मोटारींनाही ती मागाहून बसविता येते. प्रत्येक चाकावरील संवेदक, म्हणजेच सेन्सर, बिनतारी संदेशाने दाब कळवितो व तो चालकासमोरील लहानशा पडद्यावर आकड्यांत उमटतो. यांपैकी काही संवेदक व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी, तर काही टायरच्या आत बसतात.

वडगावहून साड्यांचे गठ्ठे घेऊन निपाणीमार्गे कोल्हापूरला निघालेली एक मोटार उदाहरणादाखल घेऊ. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर ३३ पौंड दाब लिहिलेला आहे. (भरल्या गाडीच्या मागील चाकांसाठी तेथे बहुधा निराळा आकडा असतो, तो क्वचितच कोणी वाचतो.) टायर थंड असताना ही हवा भरावी आणि धोक्याची घंटा सुमारे चतुर्थांश खाली, म्हणजे २५ पौंडांवर, लावावी.

टोपणाचा संवेदक मालकाला घरीच बसविता येतो. मात्र तो आटे फिरवून बसविला की व्हॉल्व्हमधील सुई दाबली जाऊन उघडीच राहते. त्यानंतर हवा अडवून धरते ती केवळ संवेदकातील रबरी चकती. ती झिजली अथवा तिरकी बसली, तर दाब मोजणारे साधनच हवा गळण्यास कारण होते. म्हणून बसविल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, हे पाहणे अगत्याचे आहे. शिवाय रबरी व्हॉल्व्हवर या वजनाचा ताण पडतो. तो जुना व चिरा गेलेला असल्यास आधी बदलून घ्यावा. धातूच्या व्हॉल्व्हवर आटे गंजून संवेदक अडकण्याचा संभव असतो. हवा भरताना तो प्रत्येक वेळी काढावा लागतो, आणि बाहेर असल्याने चोरीचे भय आहेच.

आतील संवेदकासाठी टायर रिमवरून उतरवावा लागतो. जुना व्हॉल्व्ह काढून संवेदकासह आलेला नवा व्हॉल्व्ह बसवितात आणि मग चाकाचे बॅलन्सिंग करतात. हवा नेहमीप्रमाणे भरता येते, चोरीचा प्रश्न उरत नाही. परंतु घट पाच-सात वर्षांत संपतो व बहुधा संपूर्ण संवेदकच बदलावा लागतो. पुढे पंक्चर काढणाऱ्यास आत संवेदक असल्याचे आधी सांगितले नाही, तर लोखंडी पट्टीच्या एका दाबाने तो मोडतो. नवे टायर घालावयाचेच असतील, तेव्हा हा प्रकार निःसंशय श्रेयस्कर. एरवी टोपणाचा पुरेसा आहे.

आता आकडे कसे वाचावेत? टायरमधील हवा २५ अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापली, की ३३ पौंडांचे सुमारे ३७ होतात. हा दोष नव्हे. अशा वेळी हवा सोडू नये. मात्र निपाणीजवळ तीन चाके ३७ आणि चौथे ३३ दाखवीत असेल, तर तेथे हवा गळत आहे असे समजावे. पट्टीवरील आकड्याशी ते जुळते खरे, पण ते चाक थंड झाल्यावर २९ वर येईल. घंटा मात्र अजून वाजलेली नसेल.