भिंत अडवते, कारण तसं लिहिलेलं आहे

कोपनहेगनच्या नॉर्डिक गेम जॅमला २०१७ साली विषय मिळाला होता 'नॉट देअर', म्हणजे 'तिथे नाही'. असा विषय मिळाला की अदृश्य वस्तूंचे गेम सहज सुचतात. फिनलंडच्या आर्व्ही टेइकारी यांनी मात्र त्यातला नकार तेवढा उचलला: 'बर्फ वितळत नाही' असं वाक्य पटावर असेल, तर लाव्ह्यात पडलेला बर्फही टिकेल. एका सप्ताहअखेरीत त्यातून 'बाबा इज यू' उभा राहिला आणि त्याने तो जॅम जिंकला.

सगळी किमया एकाच यंत्रणेत आहे. नियम पटावरच शब्दांच्या ठोकळ्यांनी मांडलेले असतात:

```
BABA IS YOU
WALL IS STOP
FLAG IS WIN
```

`STOP` ढकलून ओळीबाहेर काढला की त्याच क्षणी भिंतीतून आरपार जाता येतं. त्याच्या जागी `YOU` आणला तर भिंतच तुमच्या हुकमाने चालू लागते. प्रत्येक चालीनंतर पट डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली पुन्हा वाचायचा, एवढंच काम. म्हणूनच दोन दिवसांत ते झेपलं. चित्रं साधी राहिली तरी बिघडलं नाही, कारण खेळाडूची नजर वाक्यावर असते.

अडचणीही याच यंत्रणेतून येतात. ठोकळा फक्त ढकलता येतो, ओढता येत नाही. कोपऱ्यात गेलेला शब्द तिथेच अडकतो. हे दुखणं १९८२च्या 'सोकोबान'पासूनचं आहे, पण इथे `BABA IS YOU` मोडलं, तर हलवायला कुणी उरतच नाही. चाल मागे घेण्याची सोय नसेल, तर गेम तिथेच संपला. सुदैवाने नियम शब्दांच्या जागेवरूनच ठरत असल्याने अशा रचनेत प्रत्येक वस्तूची जागा आणि तिचं रूप नोंदवून ठेवलं की पुरतं. नियम वेगळे जपावे लागत नाहीत.

खरी डोकेदुखी शब्द वाढवताना सुरू होते. दहा शब्दांच्या जोड्या ४५, वीस शब्दांच्या १९०. प्रत्येक जोडीचा निकाल कुणीतरी ठरवावा लागतो. `BABA IS ROCK` असताना शेजारी `BABA IS BABA` असेल तर? गेमचा निकाल: बाबा बाबाच राहतो. पूर्ण गेम यायला मार्च २०१९ उजाडला, यात नवल नाही.

मग दोन दिवसांचं कौतुक कशाला, असा आक्षेप रास्त आहे. शिवाय टेइकारी नवखे नव्हते. त्यांचा 'एन्व्हायर्नमेंटल स्टेशन अल्फा' २०१५ सालीच आला होता. तो अनुभव वजा करून चालणार नाही. तरीही पुढच्या दोन वर्षांत मूळ नियमाला हात लावावा लागला नाही, त्याचा विस्तार तेवढा झाला. जॅमने द्यायचं ते हेच, आणि ते इथे पुरेपूर मिळालं. जॅममध्ये उतरणाऱ्यांनी म्हणून पहिल्या संध्याकाळी साध्या चौकोनांवर एकच नियम चालवून पाहावा, चाल मागे घेण्याचं बटण तेव्हाच बसवावं, आणि नवा शब्द घेण्याआधी त्याच्या जुन्या शब्दांशी होणाऱ्या जोड्या मोजाव्यात.