बीएलएस कार्डाची मुदत आणि नव्वद दिवसांची यादी

रुग्णालयातील परिचारिका, डॉक्टर, तंत्रज्ञ आणि सुरक्षारक्षक यांच्याकडे असलेल्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला छातीवर दाब आणि श्वास देण्याचे मूलभूत प्रशिक्षण म्हणजे बीएलएस, आणि त्यापुढचे, औषधे व विजेचा झटका यांसह दिले जाणारे एसीएलएस. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पद्धतीने दिलेली या दोन्हींची कार्डे दोन वर्षे चालतात. दीडदोनशे कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयात कोणाचे कार्ड कधी संपते हे कोणाच्याही लक्षात राहू शकत नाही. म्हणून प्रशिक्षणाचा नोंदतक्ता ठेवतात. कोणाची प्रमाणपत्रे येत्या नव्वद दिवसांत संपणार आहेत, हे त्याने रोज न विचारता सांगायचे असते.

असा तक्ता करताना पहिली ओढ असते ती प्रत्येक कर्मचाऱ्याला एक ओळ आणि प्रत्येक प्रशिक्षणाला एक रकाना देण्याची. भिंतीवर लावायला ते छान दिसते, पण त्यातून मुदतीची यादी काढणे अवघड जाते, कारण तारखा दहा रकान्यांत विखुरलेल्या असतात. त्यापेक्षा एका प्रमाणपत्राला एक ओळ द्यावी. एखाद्या परिचारिकेकडे तीन प्रमाणपत्रे असतील तर तिच्या तीन ओळी होतील. रकाने मोजकेच पुरतात: A मध्ये कर्मचारी क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये विभाग, D मध्ये प्रशिक्षण, E मध्ये प्रमाणपत्र मिळाल्याची तारीख, F मध्ये मुदत संपण्याची तारीख, G मध्ये उरलेले दिवस आणि H मध्ये ओळीची स्थिती. प्रशिक्षणाचे नाव हाताने लिहू देऊ नये, ते यादीतून निवडायला लावावे. एका ओळीत ‘बीएलएस’ आणि दुसरीत ‘बी.एल.एस.’ असे लिहिले, तर तक्त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी प्रशिक्षणे होतात.

मुदतीची तारीख हाताने न भरता सूत्राने काढणे बरे. बीएलएसचे कार्ड दोन वर्षांनंतरच्या त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंत चालते, तर इतर काही प्रमाणपत्रांची मुदत तारखेपासून तारखेपर्यंत मोजतात. त्यामुळे दोन सूत्रे लागतात. पहिले महिनाअखेर देते, दुसरे छत्तीस महिन्यांनंतरची तीच तारीख देते:

```
=EOMONTH(E2,24)
=EDATE(E2,36)
```

उरलेले दिवस `=F2-TODAY()` या सूत्राने मिळतात. समजा आज १५ जून २०२६ आहे. नव्वद दिवसांची खिडकी १३ सप्टेंबरपर्यंत जाते. एका परिचारिकेने १२ ऑगस्ट २०२४ रोजी बीएलएस केले, म्हणजे तिचे कार्ड ३१ ऑगस्ट २०२६ ला संपेल. अजून ७७ दिवस आहेत, म्हणून ती यादीत येते. तिच्याच विभागातील डॉक्टरांनी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी एसीएलएस केले. त्यांचे कार्ड ३१ ऑक्टोबरला संपणार, १३८ दिवस बाकी आहेत, म्हणून त्यांचे नाव अजून येत नाही. एका सुरक्षारक्षकाचे प्रथमोपचाराचे तीन वर्षे मुदतीचे प्रमाणपत्र मात्र २० मे २०२६ ला संपून गेले. त्याच्या रकान्यात उणे २६ दिसते.

हा सुरक्षारक्षक नव्वद दिवसांच्या यादीत घालायचा की नाही, हे आधी ठरवावे लागते. ‘नव्वदपेक्षा कमी’ एवढीच अट लिहिली तर उणे २६ ही संख्याही त्यात बसते, आणि संपलेली व संपत आलेली प्रमाणपत्रे एकत्र होतात. दोन्हींवरची कारवाई वेगळी आहे. संपत आलेल्यासाठी बॅचमध्ये जागा राखायची असते. संपलेल्या माणसाला त्या प्रमाणपत्राची गरज असलेल्या कामावर ठेवायचे की नाही, हे मात्र त्याच दिवशी ठरवावे लागते. म्हणून दोन याद्या ठेवाव्यात. पहिलीचे सूत्र असे:

```
=SORT(FILTER(A2:H200,
 (F2:F200>=TODAY())*
 (F2:F200<=TODAY()+90)*
 (H2:H200="चालू")),6)
```

यातील H रकाना महत्त्वाचा आहे. नूतनीकरण झाले की जुन्या ओळीवर नवी तारीख लिहून टाकण्याची सवय अनेक कार्यालयांत असते. त्याने मधल्या काळात कार्ड संपलेले होते की नाही, हा पुरावाच पुसला जातो. नवी ओळ घालावी आणि जुनी राहू द्यावी. मग एकाच व्यक्तीच्या एकाच प्रशिक्षणाच्या ओळींपैकी सर्वांत उशिरा संपणारी चालू धरायची:

```
=IF(F2=MAXIFS(F$2:F$200,
 A$2:A$200,A2,D$2:D$200,D2),
 "चालू","जुनी")
```

तक्ता चुकतो तो बहुतेक वेळा तारखांमुळे. आपल्याकडे तारीख 12.08.2024 अशी टिंबे देऊन लिहिण्याची पद्धत आहे. एक्सेलच्या नेहमीच्या भारतीय मांडणीत ती तारीख ठरत नाही, नुसता मजकूर ठरतो. E रकान्यात असे झाले तर सूत्र `#VALUE!` दाखवते आणि तेवढ्या एका ओळीने पूर्ण यादी अडते. हे निदान दिसते तरी. मुदतीची तारीखच कोणी टिंबांनी टाइप केली असेल, तर ती ओळ काही न बोलता यादीतून गळते. ओळखण्याची खूण सोपी आहे: रकान्याला डावी-उजवी मांडणी दिलेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे सरकते आणि मजकूर डावीकडे राहतो.

त्याहून वाईट चूक अमेरिकी मांडणीच्या संगणकावर होते. तिथे 12/08/2024 म्हणजे ८ डिसेंबर. वरच्या परिचारिकेचे कार्ड मग ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत चालणारे दिसते, १९९ दिवस बाकी दिसतात, आणि जूनमध्ये तिचे नाव येतच नाही. डावीकडे सरकलेल्या आणि उजवीकडच्या तारखा एकाच रकान्यात मिसळलेल्या दिसल्या तर हीच शंका घ्यावी, कारण पंचवीस तारखेला पंचविसावा महिना समजता येत नाही आणि तेवढ्याच तारखा मजकूर म्हणून राहतात. नोंद करताना महिना अक्षरांत दिसेल अशी मांडणी ठेवली की ही अदलाबदल डोळ्यांना लगेच कळते.

आणखी एक उणीव कोणत्याही मुदतीच्या यादीत दिसत नाही. ज्याने प्रशिक्षण कधी घेतलेच नाही, त्याची ओळच नसते. ओळ नाही म्हणून मुदत नाही, आणि मुदत नाही म्हणून यादीत नाव नाही. नव्याने रुजू झालेले कर्मचारी असेच सुटतात. त्यासाठी दुसऱ्या पानावर कोणत्या पदाला कोणते प्रशिक्षण लागते हे लिहून, प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावापुढे आजची वैध ओळ आहे का हे `COUNTIFS` ने मोजावे. उत्तर शून्य आले की तिथे पोकळी आहे.

नव्वद दिवस हा आकडा कायद्यातला नाही, सोयीचा आहे. केंद्राच्या बॅचमध्ये जागा मिळणे, ड्युटी चार्टमधून दिवस मोकळा करणे आणि परीक्षेत न जमल्यास पुन्हा बसणे, एवढे त्यात बसावे लागते. यादीत नाव आले म्हणजे लगेच परीक्षा द्यावी असे मात्र नाही. नव्या कार्डाची दोन वर्षे नव्या परीक्षेपासून मोजली जातात, म्हणून जूनमध्येच बीएलएस केलेल्या परिचारिकेची मुदत ३० जून २०२८ ला संपेल आणि दोन महिने वाया जातील. ऑगस्टमधली जागा जूनमध्ये राखली, तर तिला ३१ ऑगस्ट २०२८ पर्यंतचे कार्ड मिळते आणि मध्ये एकही दिवस रिकामा राहत नाही.