मुकुट कापला जाऊ नये म्हणून

घराघरांत रुंद पडद्याचे टीव्ही आले, तेव्हाचा काळ अनेकांना आठवत असेल. जुने कार्यक्रम ४:३ या प्रमाणात चित्रित झालेले आणि नवा पडदा १६:९ चा. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या डोळ्यांना खुपत, म्हणून कोणीतरी रिमोटवरचे बटण दाबून चित्र पडद्याभर पसरवी. मग बातम्या देणारी निवेदिका एक तृतीयांशाने रुंद दिसे आणि क्रिकेटचा चेंडू अंड्यासारखा होई. पडदा भरला, पण त्यातली माणसे बदलली.

वेबपानांवरच्या कार्डांमध्ये आजही हेच घडताना दिसते. कार्ड म्हणजे वर छायाचित्र, खाली नाव आणि दोन ओळींची माहिती असा छोटा चौकोन. बातम्या, दुकानातला माल, सहलींची ठिकाणे, सगळे अशाच चौकोनांत मांडलेले असते. चौकोन सारखे दिसावेत म्हणून पान बनवणारा छायाचित्राला ठरावीक रुंदी आणि ठरावीक उंची देतो. छायाचित्रे मात्र वेगवेगळ्या फोनमधून आलेली असतात, काही उभी, काही आडवी. ब्राउझरला दुसरे काही सांगितलेले नसेल, तर तो प्रत्येक छायाचित्र दाबून किंवा ताणून त्या मापात बसवतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, पुण्यातल्या मानाच्या पाच गणपतींची माहिती देणारे एक पान करायचे आहे: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. पाच कार्डे, प्रत्येकात मूर्तीचे एक छायाचित्र. एकाने फोन उभा धरून काढलेले, ३००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच. दुसऱ्याने आडवा धरून मांडवासकट टिपलेले, ४००० बाय २२५०. कार्डाची रुंदी ३२० पिक्सेल आहे आणि चित्राची चौकट ४:३ ची हवी, म्हणजे उंची २४०.

उभे छायाचित्र या चौकटीत नुसते कोंबले, तर रुंदी जेवढ्या पटीने कमी होते त्यापेक्षा उंची कितीतरी जास्त दबते. रुंदीच्या मानाने उंची जेमतेम ५६ टक्के उरते. बाप्पाची मूर्ती बसकी होते, सोंड आखूड दिसते, हातातला मोदक चपटा होतो. अशी चूक ओळखायची असेल तर छायाचित्रातली गोल वस्तू शोधावी. आरतीचे ताट, निरांजन, झांज यांपैकी काहीतरी मूर्तीच्या आसपास असतेच. ते लंबगोल दिसले, की चित्र ताणले किंवा दाबले गेले आहे हे नक्की. ब्राउझरच्या तपासणी-साधनांत त्या चित्रावर बोट ठेवले, तर मूळ माप आणि पडद्यावरचे माप शेजारी शेजारी वाचताही येते.

यावरचा इलाज सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, दोन गुणधर्मांत आहे. `aspect-ratio` चौकटीचे प्रमाण ठरवतो आणि `object-fit` त्या चौकटीत चित्र कसे बसवायचे ते ठरवतो. दोघांची कामे वेगळी आहेत, हे लक्षात न ठेवल्यानेच बहुतेक घोटाळे होतात. नुसता पहिला लिहिला, तर चौकट अगदी नेमकी ४:३ ची होते आणि आतली मूर्ती तशीच बसकी राहते. कारण `object-fit` लिहिला नाही, तर त्याचे मूल्य `fill` धरले जाते आणि `fill` म्हणजे प्रमाणाची पर्वा न करता चौकट भरणे.

```css
.card img {
  display: block;
  width: 100%;
  height: auto;
  aspect-ratio: 4 / 3;
  object-fit: cover;
}
```

`cover` म्हटल्यावर ब्राउझर फोटोफ्रेमच्या दुकानातल्या कारागिरासारखे काम करतो. आधी चित्राचे स्वतःचे प्रमाण न बिघडवता ते इतके मोठे ठेवायचे, की चौकटीचा एकही कोपरा रिकामा राहणार नाही. मग बाहेर आलेला भाग झाकून टाकायचा. उभ्या छायाचित्राची रुंदी ३२० वर आणली, की उंची आपोआप सुमारे ४२७ होते. चौकट २४० ची आहे, म्हणून उरलेले १८७ पिक्सेल दिसत नाहीत. आडव्या छायाचित्राचे उलटे होते: उंची २४० वर आणली की रुंदी ४२७ भरते आणि बाजूंचे १०७ पिक्सेल झाकले जातात. दोन्ही चित्रांतली निरांजने गोलच राहतात.

ही सोय वाटते तितकी जुनी नाही. `object-fit` प्रमुख ब्राउझरांत २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आला. `aspect-ratio` तर क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांतही पोहोचायला २०२१ साल उजाडले. त्याआधी पान बनवणारे एक आडवळणाची युक्ती वापरत. सीएसएसमध्ये वरच्या-खालच्या पॅडिंगची टक्केवारीसुद्धा रुंदीवरून मोजली जाते. म्हणून रिकाम्या चौकोनाला ७५ टक्के पॅडिंग दिले, की त्याची उंची रुंदीच्या पाऊणपट होई, म्हणजे ४:३. मग चित्र त्या चौकोनावर वेगळे चिकटवायचे. १६:९ साठी ५६.२५ टक्के हा आकडा त्या काळी कित्येकांना तोंडपाठ होता. जुन्या पानांच्या लिखाणात तो आजही सापडतो.

वरच्या पाच ओळींत `height: auto` ही ओळ निरुपद्रवी दिसते, म्हणून पुष्कळ जण ती गाळतात आणि मग तासभर डोके धरून बसतात. एचटीएमएलमध्ये चित्राची मूळ रुंदी-उंची लिहून ठेवणे ही चांगली सवय आहे, कारण चित्र उतरण्याआधीच त्याची जागा राखता येते. पण तिथे `height="4000"` लिहिले असेल, तर ब्राउझर त्याला उंचीची सूचना समजतो. रुंदी ठरलेली आणि उंचीही ठरलेली, म्हटल्यावर प्रमाणाला काही कामच उरत नाही आणि `aspect-ratio` बाजूला पडतो. ३२० रुंदीच्या कार्डात ४००० पिक्सेल उंचीचा खांब उभा राहतो. `height: auto` ही सूचना रद्द करते आणि उंची पुन्हा प्रमाणावरून काढली जाते.

काही जण प्रमाणाच्या भानगडीत न पडता सरळ `height: 240px` देतात. `object-fit: cover` सोबत असेल, तर त्यातही चित्र बिघडत नाही. मात्र कार्ड रुंद झाले की कापण्याची जागा बदलते. तेच कार्ड टॅबलेटवर ६०० पिक्सेल रुंद झाले, तर उभे छायाचित्र ८०० उंचीचे होते आणि त्यातले फक्त २४०, म्हणजे ३० टक्के दिसते. फोनवर मूर्ती दिसत होती, टॅबलेटवर नुसते पोट दिसते. चौकटीचे प्रमाण बांधलेले असेल, तर कार्ड कितीही लहानमोठे झाले तरी चित्राचा तोच भाग दिसतो. फोनवर तपासलेले चित्र मोठ्या पडद्यावरही तसेच निघते, हा या पद्धतीचा खरा फायदा.

आता मुख्य अडचणीकडे. ताणणे थांबले, पण कापणे सुरू झाले. आणि कुठे कापायचे हे ब्राउझरला कळत नाही. तो चित्राचा मध्य धरतो आणि जादा भाग दोन्ही बाजूंनी सारखा झाकतो. आपल्या उभ्या छायाचित्रात त्यामुळे वरचे ९३ आणि खालचे ९३ पिक्सेल जातात. मूर्तीचे छायाचित्र काढणारा बहुधा मुकुटाच्या वर थोडीच जागा सोडतो. समजा, ४२७ च्या त्या चित्रात मुकुट वरून ५० पिक्सेलवर सुरू होतो आणि १०० वर संपतो. म्हणजे कार्डात मुकुट जवळजवळ सगळा गेला. तांत्रिकदृष्ट्या काहीच चुकलेले नाही, गोल गोलच आहे, तरी असे कार्ड कोणत्याही मंडळाचा कार्यकर्ता मान्य करणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

यासाठी `object-position` आहे. त्यात दोन टक्केवाऱ्या लिहितात, पहिली आडवी, दुसरी उभी. न लिहिल्यास दोन्ही ५० धरल्या जातात. `50% 20%` लिहिले, तर वर-खाली मिळून झाकायच्या १८७ पिक्सेलपैकी २० टक्के, म्हणजे ३७, वरून जातात आणि उरलेले १५० खालून. आता ५० वर सुरू होणारा मुकुट पूर्ण दिसतो, त्यावर १३ पिक्सेलची मोकळी जागाही राहते. पायाजवळचा उंदीर मात्र झाकला जातो. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे छायाचित्र पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते.

या टक्केवारीचा अर्थ लावताना एक गल्लत नेहमी होते. २० टक्के म्हणजे चित्रातली २० टक्क्यांची रेघ चौकटीच्या मध्यावर येते, असे नाही. ही वाटणी आहे ती जादा भागाची. म्हणूनच आडव्या छायाचित्रावर दुसरा आकडा कितीही बदलला तरी काही हलत नाही. तिथे उभा जादा भागच नसतो. मांडवाच्या डाव्या कोपऱ्यात मूर्ती असेल, तर तिथे पहिला आकडा बदलायचा.

पाच छायाचित्रांसाठी पाच वेगळे नियम लिहायची गरज नाही. नियम एकच ठेवून, ज्या छायाचित्राला लागेल तेवढ्यालाच आकडा द्यावा:

```css
.card img {
  object-position: var(--focus, 50% 50%);
}
```

```html
<img src="kasba.jpg" alt="कसबा गणपती"
     width="3000" height="4000"
     style="--focus: 50% 20%">
```

जिथे `--focus` लिहिलेला नाही तिथे मध्यच धरला जातो. छायाचित्रे चढवणाऱ्या माणसाला सीएसएस येत नसले, तरी हे दोन आकडे बदलून पाहणे त्याला जमते.

हे सगळे कापणे फक्त दिसण्यापुरते आहे. कार्डात ३२० पिक्सेल दिसत असले, तरी ३००० बाय ४००० चे पूर्ण छायाचित्र वाचकाच्या फोनवर उतरते आणि त्याचा डेटा खर्च होतो. म्हणून लहान मापाची प्रत वेगळी करून ठेवणे हे काम टळत नाही. झाकलेला भागही पुसला जात नाही. कोणी चित्र वेगळे उघडले, की कडेला उभा असलेला माणूस किंवा गाडीचा नंबर स्पष्ट दिसतो. लपवायचेच असेल, तर मूळ छायाचित्र कापूनच चढवावे.

आणि काही चित्रे कापूच नयेत. त्या पानावर सहावे कार्ड उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेचे असेल, तर तिच्यावरची अक्षरे कडेपर्यंत गेलेली असतात. `cover` ने पत्रिकेच्या मथळ्यातले शब्द तुटतात, तारीख जाते, आणि `object-position` चा कोणताही आकडा दोन्ही वाचवू शकत नाही. तिथे `object-fit: contain` लावावे. मग पूर्ण पत्रिका चौकटीत मावते, तीही प्रमाण न बिघडता. ३:४ ची उभी पत्रिका २४० उंचीत १८० रुंद होते आणि दोन्ही बाजूंना ७०-७० पिक्सेल मोकळे राहतात. त्या जागेला पत्रिकेच्याच कागदाचा रंग, पिवळा किंवा फिका केशरी, `background-color` ने दिला, की सहावे कार्ड बाकीच्या पाचांच्या रांगेत नीट बसते.